फाईल एकच, उत्तरं दोन: एका न सुटलेल्या लोड फ्लोची पूर्ण गोष्ट

एक ज्युनिअर दुपारी लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, सर, आम्ही दोघांनी तीच फाईल चालवली, माझ्याकडे व्होल्टेज ०.८६ येतंय आणि त्याच्याकडे सोल्युशनच येत नाहीये, "डिड नॉट कन्व्हर्ज" म्हणून थांबतंय, मग कुणाचं बरोबर? मी विचारलं तुला काय वाटतं, तर म्हणाला माझं, कारण माझ्याकडे निदान उत्तर तरी आलंय. उत्तर आलंय म्हणून ते बरोबर, ही समजूत नव्या माणसांमध्ये फार दिसते, त्यामुळे ते प्रकरण इथे पूर्ण लिहून काढतोय. आकडे हाताने करता यावेत म्हणून गोल करून नेटवर्क तीन बसचं केलंय, पण घडलं जे तेच यात घडतं.

प्रश्न साधा होता. २२० केव्हीची तीन सबस्टेशनं, त्रिकोणात जोडलेली, तीन लाईन, प्रत्येक साधारण ११५ किलोमीटर. पहिल्या सबस्टेशनला मोठी ग्रीड जोडलेली, दुसऱ्याला एक जनरेटर, तिसऱ्यावर १८० मेगावॅट आणि ९० मेगाव्हारचं लोड. पहिल्या आणि तिसऱ्यामधली लाईन मेंटेनन्ससाठी बंद करायची आहे, तर लोड तसंच चालू ठेवता येईल का, एवढंच सांगायचं होतं.

प्रत्येक लाईनचा रेझिस्टन्स ९.३ ओहम आणि रिॲक्टन्स ४६.५ ओहम धरा, या लांबीच्या २२० केव्ही लाईनला असे आकडे अगदी पटण्यासारखे आहेत. १०० एमव्हीए आणि २२० केव्हीच्या बेसवर पर युनिटमध्ये नेलं की लाईनची ॲडमिटन्स जवळजवळ 2 - j10 येते, म्हणून तर मी ही लांबी निवडली. लाईनचं चार्जिंग, म्हणजे लाईन स्वतः जे पंधरा-सोळा मेगाव्हार तयार करते ते, मी सोडून दिलंय. खऱ्या स्टडीत ते सोडायचं नसतं, इथे हिशोब हलका व्हावा म्हणून सोडलंय.

आता यात नेमकं अवघड काय आहे? कारण कॉलेजात आपण किरचॉफ शिकलेलो असतो, नोड ॲनालिसिस केलेलं असतं, तीन नोडचं सर्किट तर कागदावर सुटतं. अडचण ही की तिसऱ्या सबस्टेशनचं लोड आपल्याला ॲम्पिअरमध्ये कुणी सांगत नाही, मेगावॅटमध्ये सांगतात. करंट काढायचा तर पॉवरला व्होल्टेजने भागायला हवं, आणि व्होल्टेज माहीत नाही, ते तर काढायचंय. व्होल्टेज काढायला करंट हवा आणि करंट काढायला व्होल्टेज, असा हा घोळ आहे. लोड करंटमध्ये दिलं असतं तर एका फटक्यात लिनिअर समीकरणं सुटली असती, पॉवरमध्ये दिलं म्हणून समीकरण नॉनलिनिअर झालं, आणि म्हणून अंदाज घ्या, तपासा, सुधारा, परत तपासा हा प्रकार करावा लागतो.

बसच्या प्रकारांकडे येऊ, कारण सगळा वाद तिथूनच सुरू झाला. प्रत्येक बसवर चार गोष्टी असतात, व्होल्टेजचा आकडा, त्याचा अँगल, मेगावॅट आणि मेगाव्हार. प्रत्येक बसला समीकरणं दोनच मिळतात, एक मेगावॅटचं, एक मेगाव्हारचं. म्हणजे चारातल्या दोन गोष्टी तुम्ही आधी सांगायच्या आणि उरलेल्या दोन हिशोबातून येणार. कुठल्या दोन सांगायच्या हे त्या जागी खरंच काय आपल्या हातात आहे त्यावरून ठरतं, त्यालाच बसचा प्रकार म्हणतात.

तिसऱ्या बसवर फक्त लोड आहे, लोकांनी किती वीज ओढायची ती ते ओढणार, म्हणून मेगावॅट आणि मेगाव्हार दोन्ही दिलेले, व्होल्टेज आणि अँगल जे येईल ते. ही पीक्यू बस. दुसऱ्या बसवर जनरेटर आहे, तिथे टर्बाईनच्या गव्हर्नरने मेगावॅट ठरतात, १०० धरू, आणि एक्सायटेशन वरखाली करून एव्हीआर टर्मिनलचं व्होल्टेज धरून ठेवतो, १.०२ धरू, म्हणजे २२४.४ केव्ही. मेगाव्हार किती द्यावे लागतील ते आपण सांगत नाही, व्होल्टेज धरायला जेवढे लागतील तेवढे. ही पीव्ही बस.

राहिली पहिली, ती स्लॅक. तिची गरज का पडते हे बऱ्याच जणांना नीट सांगितलेलं नसतं. लोड १८० आहे, दुसऱ्या बसचा जनरेटर १०० देतोय, मग उरलेले ८० पहिल्या बसने द्यायचे असं पटकन वाटतं, पण लाईनमध्ये लॉस होणार, तो किती ते व्होल्टेज आणि अँगल कळल्याशिवाय समजणार नाही, आणि ते तर शेवटी कळणार. म्हणून सगळ्या बसचे मेगावॅट आधी पक्के करताच येत नाहीत, एक तरी बस मोकळी ठेवावी लागते जी शेवटी जे कमी पडेल ते भरेल. शिवाय अँगल कशाच्या तुलनेत मोजायचा त्यासाठी एक शून्य लागतो, तो पण हिलाच देतात. इथे पहिल्या बसचं व्होल्टेज १.०० आणि अँगल शून्य.

आता यातली पीव्ही बस जरा निरखून बघा. पीक्यू बसवर आपण जे सांगतो ते लोडबद्दलचं निरीक्षण आहे. पीव्ही बसवर आपण जे सांगतो ते मशीनच्या वतीने दिलेलं वचन आहे की काही झालं तरी मी इथे १.०२ धरीन. आणि मशीनला मर्यादा असते, फील्ड वाइंडिंग किती करंट सोसेल यावर ती किती मेगाव्हार देऊ शकेल ते ठरतं, त्यापुढे ओव्हरएक्सायटेशन लिमिटर तिला मागे खेचतो. आपल्या मशीनची मर्यादा ६० मेगाव्हार. हा आकडा फाईलमध्ये लिहिलेला होता, दोघांच्याही.

आधी तिन्ही लाईन चालू असताना हिशोब कसा चालतो ते बघू, म्हणजे इटरेशन नावाची गोष्ट हातात बसेल. गॉस-सायडल घेतो कारण त्यात प्रत्येक पाऊल दिसतं. कुठल्याही बसचं समीकरण असं मांडतात की त्या बसचं व्होल्टेज एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. आपल्या तिन्ही लाईन सारख्या असल्याने ते फार छान रूप घेतं:

```
V3 = (V1 + V2)/2 + k*(P3 - jQ3)/conj(V3)
k  = 1/(4 - j20)
```

वाचून बघा, हे काय म्हणतंय. बसवर लोड नसेल तर तिचं व्होल्टेज म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी, बस्स. लोड असेल तर सरासरीच्या खाली ओढ बसते, जनरेटर असेल तर वर उचललं जातं. आणि उजव्या बाजूला परत V3 आहे हा तोच मघाचा घोळ, तर तिथे जुना अंदाज टाकायचा आणि डाव्या बाजूला नवा मिळवायचा. दुसऱ्या बसचं पण तसंच, फक्त तिथे मेगाव्हार माहीत नाहीत म्हणून आधी हातातल्या व्होल्टेजवरून ते काढायचे, मग नवं व्होल्टेज काढायचं, आणि त्याचा अँगल ठेवून आकडा परत १.०२ वर आणून बसवायचा. वचन पाळल्यासारखं करायचं.

```python
k = 1/(4-20j)
V1, V2, V3 = 1.0, 1.02+0j, 1.0+0j
for n in range(10):
    Q2 = -(V2.conjugate()*(2-10j)*(2*V2-V1-V3)).imag
    V2 = (V1+V3)/2 + k*(1.0-1j*Q2)/V2.conjugate()
    V2 = 1.02*V2/abs(V2)
    V3 = (V1+V2)/2 + k*(-1.8+0.9j)/V3.conjugate()
    print(n+1, round(Q2,3), round(abs(V3),4))
```

सुरुवात सगळीकडे अँगल शून्य, तिसऱ्या बसचं व्होल्टेज १.०, याला फ्लॅट स्टार्ट म्हणतात. पहिल्या फेरीत दुसऱ्या बसचे मेगाव्हार ४१ आले आणि तिसऱ्या बसचं व्होल्टेज ०.९५०६. दुसऱ्या फेरीत ६९ आणि ०.९४४१. तिसऱ्या फेरीत ८२ आणि ०.९४२८. दरवेळी चूक साधारण एक तृतीयांश उरते, आठ-दहा फेऱ्यांत आकडे हलायचे थांबतात आणि तिसरी बस ०.९४२३ वर, उणे ४.६८ अंशाला येऊन टेकते. तेव्हा दुसऱ्या बसला ८७ मेगाव्हार द्यावे लागतायत, स्लॅक ८४.५ मेगावॅट देतेय, म्हणजे लॉस ४.५ मेगावॅट. हा ४.५ आपण सुरुवातीला कुठेही लिहिलेला नव्हता, तो शेवटी बाहेर आला, स्लॅक ठेवली ती याचसाठी.

१९५६ साली वॉर्ड आणि हेल यांनी डिजिटल कॉम्प्युटरवर लोड फ्लो सोडवायची जी पद्धत मांडली ती याच कुळातली. त्याआधी नेटवर्क ॲनालायझर असायचे, खोलीभर मावणारं ग्रीडचं छोटं मॉडेल, ज्यात माणसं नॉब फिरवून मीटर बघत बसायची, म्हणजे इटरेशन तिथेही होतंच, फक्त हाताने.

न्यूटन-रॅफसनचा विचार जरा वेगळा. तो व्होल्टेजचा नवा अंदाज थेट काढत नाही, तो आधी विचारतो की या अंदाजाने पॉवरचा हिशोब किती चुकतोय. त्या चुकीला मिसमॅच म्हणतात. फ्लॅट स्टार्टला दुसऱ्या बसवर १०० मेगावॅट हवेत पण समीकरणातून ८.१६ येतात, तर मिसमॅच जवळजवळ ९२. तिसऱ्या बसवर मेगावॅटचा मिसमॅच उणे १७६, मेगाव्हारचा उणे ७०. आता प्रत्येक अँगल आणि व्होल्टेज थोडं हलवलं तर प्रत्येक पॉवर किती हलेल याचा तक्ता करायचा, तो जेकोबियन, आणि त्यावरून उलटा हिशोब करायचा की हा मिसमॅच घालवायला कोणी किती हलायला हवं. आपल्याकडे अनोळखी फक्त तीन, दुसऱ्याचा अँगल, तिसऱ्याचा अँगल आणि तिसऱ्याचं व्होल्टेज. पीव्ही बसचं व्होल्टेज या यादीत नाहीच, ते आपण आधीच पक्कं केलंय, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तीन समीकरणं हाताने सोडवली तर एकाच पावलात तिसरी बस ०.९४९ आणि उणे ४.३७ अंश, दुसरी ०.१० अंश. दुसऱ्याचं खरं उत्तर ०.०३ अंश आहे, तिथे गॉस-सायडलची पहिली फेरी २.४१ अंशावर भरकटली होती. सगळ्यात मोठा मिसमॅच १७६ मेगावॅटवरून १० वर आला, आणि आणखी दोन फेऱ्यांत तो नगण्य होतो. हजारो बसच्या ग्रीडला गॉस-सायडलच्या फेऱ्या वाढत जातात, न्यूटनच्या फारशा वाढत नाहीत. पण जेकोबियन प्रचंड मोठा होतो, आणि त्यातले बहुतेक खण शून्य असतात याचा फायदा घेऊन तो सोडवायचा रस्ता १९६७ मध्ये बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या टिनी आणि हार्ट यांनी दाखवला. आजची बहुतेक सॉफ्टवेअर त्याच वाटेवर चालतात.

तर ८७ मेगाव्हार. मशीनची मर्यादा ६०. ज्युनिअरला विचारलं हे बघितलंस का, तर त्याने व्होल्टेजचा कॉलम बघितला होता, जनरेटरचा नाही. बरेचदा असंच होतं, रिपोर्टमध्ये सगळे व्होल्टेज बघतात आणि ते व्होल्टेज कोणाच्या जीवावर उभं आहे ते बघत नाहीत.

मर्यादा मानायची म्हणजे काय करायचं, तर दुसऱ्या बसचं वचन काढून घ्यायचं. मेगाव्हार ६० वर पक्के करायचे आणि व्होल्टेज मोकळं सोडायचं, म्हणजे ती बस पीव्हीची पीक्यू झाली. न्यूटनमध्ये मग अनोळखी तीनाचे चार होतात, जेकोबियनला एक ओळ आणि एक कॉलम वाढतो. प्रोग्रॅम हे फेऱ्यांच्या अधेमधे तपासत राहतो, आणि उलटही तपासतो की पीक्यू केल्यावर जर त्या बसचं व्होल्टेज १.०२ च्या वर जायला लागलं तर मशीनला तेवढे मेगाव्हार द्यायची गरजच नव्हती, तर परत पीव्ही करा. कधीकधी एखादी बस प्रत्येक फेरीला इकडून तिकडे उड्या मारत राहते आणि त्यामुळेसुद्धा सोल्युशन येत नाही, फेरीगणिक बसचा प्रकार छापून बघितला की ते पकडता येतं.

६० वर अडकवून सोडवलं तर दुसरी बस १.०२ वरून १.००३ वर येते, म्हणजे २२४.४ चे २२०.७ केव्ही, तिसरी ०.९४२ वरून ०.९३३ वर, म्हणजे २०५ केव्हीच्या जरा वर. मेगावॅट जवळजवळ तेच राहतात. पण स्लॅकचे मेगाव्हार २५.५ वरून ५२.४ होतात, कारण मशीनने जे दिले नाहीत ते कुणीतरी द्यायलाच हवेत. आपल्या ग्रीड कोडमध्ये २२० केव्हीची खालची मर्यादा १९८ केव्ही आहे, त्यामुळे तिन्ही लाईन चालू असताना दोन्ही हिशोबांत सगळं ठीकच दिसतं. फरक फक्त दोन केव्हीचा, म्हणून इथपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पहिल्या आणि तिसऱ्यामधली लाईन काढा. तिसऱ्या बसचं सगळं लोड दुसऱ्या आणि तिसऱ्यामधल्या एकट्या लाईनवरून जाणार. वचन तसंच ठेवलं, दुसरी बस १.०२ धरून बसली, तर तिसऱ्या बसचं व्होल्टेज ०.८६४ येतं. १९० केव्ही. वाईट आहे, मर्यादेच्या खाली आहे, पण उत्तर आहे, आणि हेच ज्युनिअरचं उत्तर होतं. त्याने मनात हिशोब बांधला होता की एखादी कपॅसिटर बँक टाकली, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला की निभावून जाईल. आता त्याच सोल्युशनमध्ये जनरेटरचा कॉलम बघा, दुसऱ्या बसला लागतायत १८६ मेगाव्हार. ६० ची मशीन १८६ देतेय. तिपटीच्या वर. असं मशीन त्या सबस्टेशनला नाहीच, तो रिपोर्ट दुसऱ्याच कुठल्यातरी ग्रीडचा आहे म्हणा ना.

दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मर्यादा मानायचा पर्याय चालू होता. MATPOWER वापरणाऱ्यांसाठी सांगतो, तिथे हा पर्याय `pf.enforce_q_lims` नावाने असतो आणि न सांगता शून्य असतो, म्हणजे बंद. सांगितलं नाही तर प्रोग्रॅम मर्यादेचा कॉलम वाचतो पण मानत नाही. एका टिकमार्कचा फरक, बाकी फाईल अक्षरशः तीच.

पण मग त्याचं सोल्युशन का आलं नाही? इथे थांबून नीट बघायला हवं, कारण न सुटण्याची कारणं बरीच असतात. डेटा चुकलेला असू शकतो, ओहमचा आकडा पर युनिटच्या जागी टाकला, एखाद्या लाईनचा रिॲक्टन्स शून्य राहिला, एखादी बस कशालाच जोडलेली नाही. सुरुवातीचा अंदाज फार लांबचा असू शकतो. आणि एक कारण असं असतं की उत्तर अस्तित्वातच नाही, म्हणजे त्या लाईनवरून त्या व्होल्टेजला तेवढी पॉवर पोचूच शकत नाही. यातलं कुठलं, हे ओळखायची माझी नेहमीची पद्धत म्हणजे लोड कमी करून सुटतंय का बघायचं, आणि सुटलं की तिथून हळूहळू वर चढवत न्यायचं, प्रत्येक वेळी मागचं उत्तर पुढच्याचा सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरायचं. डेटा चुकलेला असेल तर बहुधा कमी लोडलाही विचित्रच काहीतरी येतं.

आम्ही मेगावॅट आणि मेगाव्हारचं प्रमाण तेच ठेवून चढवत गेलो. १५० मेगावॅटला सुटलं, तिसरी बस ०.७८. १६० ला सुटलं, ०.७३. १७० ला सुटलं, ०.६५५. १८० ला नाही. पहिले दहा मेगावॅट वाढवल्यावर व्होल्टेज साडेचार टक्क्यांहून थोडं जास्त पडलं, पुढच्या दहाला जवळजवळ आठ टक्के, आणि त्यापुढच्या दहाला जमीनच संपली. हा आकार ज्याने एकदा बघितला तो विसरत नाही, कड्याच्या टोकाकडे जाताना उतार कसा वाढत जातो तसा. प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता, डेटा बरोबर होता, न्यूटनही नीट चालत होता. तिसऱ्या बसला १८० मेगावॅट आणि ९० मेगाव्हार पोचवणारं कुठलंही व्होल्टेज त्या नेटवर्कमध्ये नव्हतंच.

का नव्हतं ते असं. व्होल्टेज पडलं की तेवढेच मेगावॅट ओढायला करंट जास्त लागतो, करंट वाढला की लाईनच्या रिॲक्टन्समध्ये मेगाव्हार करंटच्या वर्गाने जळतात, ते मेगाव्हार आणायला दुसऱ्या बसकडे मागणी वाढते, दुसरी बस ६० च्या पुढे देऊ शकत नाही म्हणून तिचंही व्होल्टेज पडतं, आणि ते पडलं की तिसऱ्याचं आणखी पडतं. वचन खरं धरलं होतं तेव्हा ही साखळी दुसऱ्या बसवर येऊन तुटत होती, कारण तिथे १.०२ ची भिंत होती. भिंत काढली की साखळी थेट पहिल्या बसपर्यंत, ११५ किलोमीटर मागे जाते, आणि तिथून ओढायला मधली लाईनसुद्धा मेगाव्हार खाते. म्हणून एका बसचा प्रकार बदलल्याने १९० केव्हीचं उत्तर आणि उत्तरच नाही एवढा फरक पडतो.

यात एक धरून चाललेली गोष्ट आहे ती सांगायला हवी. हिशोबात लोड व्होल्टेज पडलं तरी तेवढंच राहतं असं मानलंय. खऱ्या सबस्टेशनात व्होल्टेज पडलं की हीटर, दिवे कमी ओढतात, तर ग्रीड लगेच कोसळेलच असं नाही. पण ट्रान्सफॉर्मरचे ऑन-लोड टॅप चेंजर खालच्या बाजूचं व्होल्टेज परत वर आणतात आणि काही मिनिटांत लोड जवळपास पूर्वीइतकं होतं, आणि मोटारी तर पॉवर बऱ्यापैकी तीच ओढतात. म्हणून अशा स्टडीत मी लोड पूर्ण धरूनच बघतो. ०.६५५ वगैरे व्होल्टेजला प्रत्यक्षात कुणी ग्रीड चालवत बसणार नाही हे तर उघडच आहे, तिथपर्यंत पोचायच्या आत कुठलातरी रिले उचललेला असेल.

स्लॅकबद्दल पण एक बघून घ्यायचं राहू नये. बहुतेक प्रोग्रॅम स्लॅकची मर्यादा तपासत नाहीत, तिला जेवढे मागाल तेवढे ती देते. मोठी ग्रीड असेल तर ठीक, पण एखाद्या कारखान्याच्या किंवा बेटासारख्या तुटलेल्या भागाच्या स्टडीत स्लॅक म्हणजे एकच मशीन असते, तिथे शेवटी तिचे मेगावॅट आणि मेगाव्हार हाताने बघायचेच.

ज्युनिअरने मग विचारलं की कपॅसिटर टाकला तर. टाकून बघितला, तिसऱ्या बसवर ८० मेगाव्हारची बँक. आता सुटलं. दुसरी बस ०.९७, तिसरी ०.८८, म्हणजे १९४ केव्हीच्या जरा आत. कड्यावरून मागे आलो पण १९८ च्या खालीच राहिलो. आणि ८० ची बँक त्या व्होल्टेजला ६२ च देते, कारण कपॅसिटरचे मेगाव्हार व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतात, नेमकं जेव्हा जास्त हवे असतात तेव्हा तो कमी देतो. मशीनचं वचन आणि कपॅसिटर यांना एकाच तराजूत धरू नये ते याच्यामुळे.

मग उलटा प्रश्न घेतला, बँक नसताना किती लोडपर्यंत ही लाईन काढता येईल. १०० मेगावॅट आणि ५० मेगाव्हारला तिसरी बस ०.९१८ वर येते, २०२ केव्ही, आणि जनरेटर तिथेसुद्धा ६० च्या मर्यादेवरच असतो. ११० आणि ५५ ला १९७ केव्ही, म्हणजे खाली. मधे कुठेतरी सीमा, आणि त्यात थोडी जागा ठेवायची म्हणून १०० धरलं. रिपोर्टमध्ये एवढं लिहिलं की लाईन फक्त तेव्हाच द्यावी जेव्हा तिसऱ्या सबस्टेशनचं लोड १०० मेगावॅटच्या खाली असेल, काम चालू असताना दुसऱ्या बसच्या जनरेटरचे मेगाव्हार मीटरवर बघत राहावेत, आणि ज्युनिअरने ०.८६४ वाला तक्ता काढून टाकला, त्याच्या जागी १५०, १६०, १७० चा तक्ता लावला, १८० च्या ओळीत आकड्याऐवजी एक आडवी रेघ मारून.